ओल्या ब्लँकेटांची तूट

तूट काढली ती ताईनेच. बेचाळीस हजार. आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि पेनाला टोपण लावलं. सख्खी थोरली बहीण माझी! पण वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

आमचं दुकान म्हणजे ब्रँच. चादरी, टॉवेल, ब्लँकेटं. हेड ऑफिस गाडीने चार तासांवर, आणि तिथे ब्रँचचे हिशेब ताई ठेवते. माल तिकडून येतो, सोबत इनव्हॉइस येतं. त्यावर जो भाव असेल त्याच भावाने विकायचं, दमडी कमी नाही की जास्त नाही. शेठचा नफा त्या भावात आधीच चढवलेला असतो. किती, ते ब्रँचला कुणी सांगत नाही. विक्रीची रोकड रोज संध्याकाळी शेठच्या खात्यात भरायची. झाडू, दिवे, चहा यांचा खर्च ते वेगळा पाठवतात. मग मॅनेजरच्या हातात काय राहतं? दुकानाची किल्ली! पाठवलेल्या मालातून विक्री वजा केली की जे उरतं ते कपाटात दिसलंच पाहिजे. नाही दिसलं की तूट, आणि तूट मॅनेजरच्या मानगुटीवर.

पाच वर्षांत माझी तूट कधी निघाली नव्हती. नोकरीला लागताना पन्नास हजार अनामत घेतली होती शेठनी. पाच वर्षं सरळ गेली की परत द्यायची, असा करार. ही मोजणी झाली की पैसे हातात पडणार होते आणि दुसऱ्याच दिवशी लेकीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. यादीत नाव लागलं होतं पोरीचं. शेवटची तारीख तोंडावर आली होती. म्हणून मी त्या दिवशी नवा शर्ट घालून गेलो होतो, बघा! मूर्खासारखा.

मोजणीसाठी ताईला घेऊन आलेले मोठे शेठ माझ्या खुर्चीत बसले होते. छोटे शेठ, म्हणजे त्यांचा मुलगा, दारात उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता.

"बेचाळीस हजार कुठे गेले?" मोठे शेठ म्हणाले.

"कुठे गेले म्हणजे? गेलेच नाहीत शेठ. ती ओली ब्लँकेटं."

मग मी सगळं सांगितलं. पाण्याची टाकी फुटून गोदामात पाणी आलं होतं. एकशे वीस ब्लँकेटं भिजली, वाळवली तरी कडेला बुरशी धरली, वास तर जाता जाईना. इनव्हॉइसचा भाव साडेसातशे. त्या भावात कुत्रं अंग टाकणार नाही! मी हेड ऑफिसला फोन लावला. ताईने उचलला. ती म्हणाली, "छोट्या शेठना देते," आणि दिला. छोटे शेठ म्हणाले, "चारशेला काढून टाका, कुजवत ठेवू नका. भाव उतरवल्याचा कागद मी पाठवतो." मी काढली. एकेकाचं चारशेचं बिल फाडलं आणि सगळे अठ्ठेचाळीस हजार खात्यात भरले. कागद काही आला नाही. दोनदा आठवण केली, "येईल हो, येईल" म्हणाले. मी म्हटलं, मालकाचा शब्द आहे, कागदाचं काय एवढं. हीच माझी चूक. ब्रँचमध्ये कागदाशिवाय भाव उतरला की पुस्तकात तो उतरतच नाही. तिकडे एकशे वीस ब्लँकेटं साडेसातशेनेच उभी राहतात, नव्वद हजारांची. इकडे जमा अठ्ठेचाळीस. बाकीचे बेचाळीस म्हणजे तूट.

छोट्या शेठने फोनमधून डोकं वर काढलं. "मी असं काही बोललो नाही."

"अहो शेठ! तुम्ही स्वतः..."

"मी कशाला माल पडेल भावात द्यायला सांगेन? आणि भिजली कशावरून? एक तरी ओलं ब्लँकेट ठेवलंय का दाखवायला? साडेसातशेला विकून चारशेचं बिल फाडलं असेल. वरचे साडेतीनशे कुणाला दिसतात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या शेठनी बेचाळीस हजार स्वतःच्या खिशातून गेल्यासारखं तोंड केलं होतं, आणि पोरगा बापाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. बापाला घाबरतो तो. मला तेव्हाच कळलं, हा आता मरेल पण कबूल करणार नाही. पण मी निर्धास्त होतो. माझा साक्षीदार समोर बसला होता ना, पेनाला टोपण लावून!

"ताईला विचारा," मी म्हटलं. "फोन तिने दिला. त्यांचं बोलणं होईपर्यंत ती टेबलाशीच होती."

मोठे शेठ ताईकडे वळले. "बाई, तुम्ही ऐकलं होतं का काही?"

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मला वाटलं, आता बोलते.

"ब्रँचचे फोन रोजच येतात शेठ," ती म्हणाली. "हा असा काही मला आठवत नाही."

"ताई!"

"ओरडू नकोस. आठवत नाही म्हटलं ना."

आठवत नाही! त्याच आठवड्यात तिने रात्री मला घरी फोन केला होता. "कागद मागून घे रे, छोट्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस." हे तिचेच शब्द. मी तेही बोललो असतो, पण भाऊ-बहिणीचं घरचं बोलणं कोण धरतं पुरावा म्हणून?

मोठे शेठ म्हणाले, "हे बघा, तुमच्या बहिणीकडे बघून पोलिसात जात नाही. तूट अनामतीतून वळती करू. आठ हजार उरतात ते घ्या, राजीनामा लिहा आणि किल्ली ठेवा." म्हणजे उपकारच म्हणायचे! मी सही केली. न करून सांगतो कुणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

जाताना गाडी माझ्या दाराशी थांबली, कारण ताईला आईला भेटायचं होतं. वडिलांनी बांधलेलं तीन खोल्यांचं घर आमचं, आई माझ्याकडेच असते. औषधांचे पैसे ताई पाठवते, बाकी उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं आमच्याकडे. शेठ गाडीतच बसले. ताई आत आली आणि आईच्या पलंगावर टेकली, जणू काही झालंच नाही.

मी आईसमोरच विचारलं. "का गं? का खोटं बोललीस?"

"दोन वर्षं राहिलीत माझी रिटायर व्हायला," ताई म्हणाली. "छोट्याला खोटं पाडून मी त्या ऑफिसात एक दिवस तरी राहीन का? म्हातारपणी काय खाऊ मी?"

"आणि माझ्या पोरीची फी?"

तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. "तुझ्या शिक्षणासाठी मी शाळा सोडली होती. सातवीत! पहिला नंबर होता माझा. तेव्हा कुणी विचारलं का माझ्या फीचं? एकदा तुझ्यासाठी शाळा सोडली, आता नोकरीही सोडू? नाही सोडणार. जा."

खरंच होतं ते. पण खरं असलं म्हणून काय झालं? माझा गळा कापूनच फेडायचं होतं का ते? मी चिडून विचारलं, "मग निदान एवढं तरी खरं सांग. त्या ब्लँकेटांत शेठचा खरा तोटा किती झाला?"

हिशेबाचं विचारलं की ताईला खोटं बोलता येत नाही. तेवढंच एक येत नाही तिला. "खरेदी सहाशेची," ती म्हणाली. "वर पंचवीस टक्के लोडिंग, म्हणजे शेठचा चढवलेला नफा, म्हणून साडेसातशे. एकशे वीस नगांची खरेदी बहात्तर हजार. तुझे अठ्ठेचाळीस आले. तोटा चोवीस."

"मग बेचाळीस का घेतले?"

"बाकीचं लोडिंग आहे, अठरा. कागद असता तर मी अठरा लोडिंगमधून उतरवले असते आणि चोवीस तोट्यात टाकले असते. तुझ्या नावावर काही आलं नसतं. कागद नाही, म्हणून ब्रँचचा भाव."

म्हणजे बुरशीची ब्लँकेटं शेठनी पूर्ण भावाला विकली, वरचा नफा धरून! बेचाळीस हजारांचं गिऱ्हाईक मी होतो. मला हसू आलं, असं हसू की माझं मलाच ऐकवेना.

आई ताईचा हात धरून म्हणाली, "तुझी नोकरी राहिली ना पण? राहू दे बाई. एकाची तरी राहिली."

बस्स. इतकी वर्षं मी हिला उठवतोय, बसवतोय आणि ही म्हणते एकाची तरी राहिली! मी कपाट उघडलं. आईची लुगडी, शाल, माळ, सगळं ट्रंकेत कोंबलं. ताई ओरडायला लागली, "अरे, काय करतोस? आमच्याकडे दोन खोल्या, जावई आलेले, कुठे ठेवू मी हिला?"

"नोकरी राहिली ना तुझी? मग सांभाळ."

आईला मी हाताला धरून बाहेर आणली. ती विचारत राहिली, "मी काय केलं रे? मी काय बोलले?" मी ट्रंक गाडीकडे नेली. छोट्या शेठने काच खाली करून विचारलं, काय भानगड आहे. ताईने सांगितलं तसं तो वैतागला. "बसवा हो लवकर, अंधार पडतोय." मोठे शेठ सरकले. आई त्यांच्या शेजारी अंग चोरून बसली, मांडीवर ट्रंक.

गाडी सुरू झाली तशी माझी लेक धावत बाहेर आली. मला वाटलं, आजीला उतरवून घेते की काय. आजीची लाडकी ती. लहानपणापासून तिच्याच कुशीत झोपायची.

तिच्या हातात औषधांची पिशवी होती. "आत्या, हे राहिलं," ती म्हणाली. "पांढरी सकाळी, जेवणाआधी. पिवळी रात्री. आणि रात्री एकदा उठवावं लागतं, नाहीतर अंथरूण ओलं होतं." आजीने खिडकीतून हात बाहेर काढला. हिने पिशवी त्या हातात ठेवली आणि मागे सरली.

गाडी वळणाआड गेली. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. पोरीला जवळ घ्यावं, दोन शब्द बोलावेत, असं वाटत होतं, तोवर ती आत गेली आणि आईच्या खोलीत उभी राहून पलंग, भिंत, खिडकी बघत राहिली. मी म्हटलं, रडत असेल.

"बाबा," तिने आतून हाक मारली. "ही खोली भाड्याने दिली आणि वर्षाचं भाडं आधीच मागितलं, तर तुमचे आठ धरून फी निघते. पण परवाच्या आत माणूस मिळायला हवा. आणि आजीला परत आणायचं नाही हं मग."

हिशेबात पक्की आहे पोरगी. आत्यावर गेली आहे.