बियाण्याच्या कांद्यांचा कोपरा

कन्हेरीच्या कुशाबाईंना आपल्या कांद्याचा भारी तोरा. घरच्याशिवाय दुसरं बी त्यांनी कधी रानात येऊ दिलं नाही. दरवर्षी उन्हाळी पिकातून एकसारखे, बारीक मानेचे कांदे निवडायचे, साठवणीच्या चाळीच्या एका कोपऱ्यात जपायचे आणि दिवाळीच्या सुमारास बियाण्यासाठी लावायचे. त्याआधी कोंब आले की घरचं बियाणं गेलंच.

यंदा ते श्रावणातच आले. खालच्या कांद्यांना तर पाणी सुटलं होतं. कांदे निवडायला आलेल्या बायकांसमोर कुशाबाईंचं तोंड सुटलं.

"बानू, मान वाळायच्या आदीच पात कापलीस तू. कच्च्या मानेतनंच सड शिरती. माझं बियाणं घालवलंस."

बानू वर्षानुवर्षं त्यांचे कांदे कापणारी. शेतात पातीखाली झाकून सुकवलेले कांदे सावलीत पसरायचे, मान चिमटीत पार कोरडी लागली की मगच वर थोडी ठेवून पात कापायची, ही तिची रीत. ती तशीच उठली आणि घरी गेली.

बायका जेवायला पांगल्यावर कुशाबाई एकट्याच कोपरा रिकामा करायला बसल्या. सड होती ती एकाच बाजूला, जिथं ताडपत्री टेकली होती. पलीकडचे कांदे खडखडीत. त्यांनी ताडपत्री ओढली, तर मागे बटाट्याची दोन पोती. श्रावणाच्या उपवासांसाठी बारामतीहून आणलेली, घरात उंदरं फार म्हणून त्यांनी स्वतःच ठेवलेली. वारा अडलेला, पोती घामेजलेली. बटाट्याचा ओलावा शेजारचे कांदे शोषत बसले होते. कांद्याबटाट्याला एका टोपलीत ठेवू नये, हे सुनांना ऐकवून ऐकवून त्यांनी नको केलं होतं. शहाणपण सांगायला मात्र सगळ्यांच्या पुढं.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कोणी बघायच्या आत पोती घरात न्यावीत म्हणून त्या ओढू लागल्या, तोच बानू टोपली घेऊन दारात.

"काकी, हे मला वाट्याला दिल्यालं कांदं. त्याच ढिगातलं हायती. वाऱ्यावर टांगलं हुतं, येकालाबी कोंब न्हाय. ह्यातलं बियाण्याला निवडा. पुढच्या साली मान आनखी वाळू दीन."

कुशाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोत्यावरचा हात काढावा की ठेवावा, कळेना.

"तुजं काय चुकलं न्हाय गं. बटाटं मीच ठिवलं हितं."

बानूनं पोत्यांकडं पाहिलं. टोपली हळूच खाली ठेवली.

"मला कशाला सांगता, काकी? मी कसं कापलं ते मला ठावं हाय. ज्यांच्यापुढं बोलला, त्यांस्नी सांगा."

बायका जेवून परतत होत्या. कुशाबाईंनी एक पोतं ओढत चाळीच्या तोंडाशी आणलं, पदरानं तोंड पुसलं आणि बायका जवळ यायची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या आत गेल्या नाहीत.