रजेच्या पत्रातला सोमवार

दीपेशने जहाजांवर माणसं नेमणाऱ्या क्रूइंग मॅनेजरना लिहिलेलं पहिलं पत्र खरं तर फार चांगलं होतं. साधं, सरळ, मुद्द्याचं. बहिणीचं लग्न आहे, घरात भाऊ मी एकटाच, वडील नाहीत, तेव्हा दोन कॉन्ट्रॅक्टमधली माझी सुटी एक महिन्याने वाढवून मिळावी, जूनच्या शेवटी मी कुठल्याही जहाजावर जायला तयार आहे. एवढंच. ते पत्र तसंच गेलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाच्या पोटात एकदा दुखायला लागलं की त्याचा हात सरळ चालत नाही.

खारबावच्या घरात, ओट्यावर मांडवाचे बांबू येऊन पडलेले, आत आई आणि बहीण रंजिता आहेराची लुगडी मोजत बसलेल्या, आणि हा लॅपटॉप उघडून पत्र पुन्हा वाचत होता. दीपेश तेलवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. चीफ ऑफिसरची परीक्षा पास, मुलाखत झालेली, आणि पुढच्या खेपेला बढती नक्की, असं कंपनीने तोंडी कळवलेलं. जहाजही ठरलं होतं. ते मे महिन्याच्या शेवटी अमिरातीतल्या फुजैरा बंदरात येणार, तिथे जुने चीफसाहेब उतरणार आणि दीपेश चढणार. चढायचा अंदाज मंगळवारचा होता. आणि लग्न त्याच्या आदल्या रविवारी.

आता यात पोटात दुखण्यासारखं काय? तर त्याच जहाजावर प्रितेश होता.

प्रितेश अकलोलीचा. दीपेशपेक्षा एक वर्ष मागे. बोटीवर जायचा रस्ता त्याला दीपेशनेच दाखवला, कॉलेजचा अर्जही यानेच भरून दिला. पोरगा खारबावला येऊन-जाऊन असायचा, दीपेशच्या आईच्या हातची भाकरी खायचा. तिथवर सगळं छान होतं. मग हळूहळू असं व्हायला लागलं की दीपेशला जे मिळायचं ते प्रितेशला लगेच मिळायचं, आणि तेही हसत खेळत. चीफची परीक्षा दीपेशने तिसऱ्या फेरीत काढली, प्रितेशने पहिल्याच. एका रक्षाबंधनाला दीपेश समुद्रात होता, तर रंजिताने राखी प्रितेशला बांधली. आई फोनवर कौतुकाने म्हणाली, "पोरगा अकलोलीवरून गाडी घेऊन आला रं, तुझी कमी न्हाय भासू दिली." आईला वाटलं, ऐकून दीपेशला बरं वाटेल. दीपेश त्या रात्री जेवला नव्हता.

तेव्हा पत्रातला 'एक महिना' वाचताना त्याला लग्न दिसलंच नाही. त्याला दिसला प्रितेश, खांद्यावर चीफच्या तीन पट्ट्या लावून उभा. जहाजावर चीफची जागा रिकामी, पास झालेला माणूस हाताशी, तर कंपनी मुंबईहून दुसरा कशाला शोधेल? तिथल्या तिथे बढती देईल. असं होतं, दीपेशने डोळ्याने पाहिलेलं. आणि मग वर्षभर सगळीकडे तेच ऐकायचं. प्रितेश चीफ झाला, आपला दीपेश अजून सेकंडच.

त्याने 'एक महिना' खोडला. जूनचा शेवट खोडला. तिथे लिहिलं, रविवारचं लग्न झालं की सोमवारपासून मी हजर आहे. पत्र पाठवून दिलं आणि स्वतःवरच खूश झाला. साप मेला, काठीही शाबूत.

तपासणी आणि कागदपत्रांसाठी नवी मुंबईच्या ऑफिसात गेला तेव्हा क्रूइंग मॅनेजर वैशाली मॅडमनी त्याला समोर बसवलं. बाई वीस वर्षं हेच काम करत होत्या. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं, कारण शेवटी जहाजावर माणूस चढवायचा आणि उतरवायचा तो याच हिशेबाने. पत्र त्यांनी वाचलं होतं. त्यांनी विचारलं की सुटी मागणारा माणूस नेहमी जास्तीची मागतो, तू एवढी तोलून का मागितलीस? जहाज म्हणजे एस. टी. नाही, माल लवकर भरला तर दोन-तीन दिवस आधीही येतं. तू आरामात महिना घे.

"आणि माझी जागा?" दीपेशने विचारलं.

"जहाजावरून मला कळलंय की तिकडे निभावून नेता येईल. कॅप्टनसाहेबांचं पक्कं झालं की सांगते. तुझी बढती कुठे जात नाही."

जहाजावरून कोणी कळवलं असेल हे दीपेशला विचारावंसं वाटलं नाही, कारण त्याला ते आधीच ठाऊक होतं. निभावून नेणारा एकच माणूस तिथे होता. तो म्हणाला, नको मॅडम, सोमवार म्हणजे सोमवार. मॅडमनी खांदे उडवले आणि त्याची तारीख तशीच पुढे पाठवली. बढती घ्यायला उतावळी झालेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

लग्नाच्या आठवड्यात बुधवारी मॅडमचा फोन आला. दीपेश तेव्हा मांडवाला आंब्याचे टहाळे बांधत होता. जहाज लवकर येतंय, फक्त शनिवारची रात्र फुजैराला आहे, रविवारी पहाटे निघणार. शनिवारी सकाळचं विमान. आता चीफसाहेबांचं परतीचं तिकीटही निघालंय, त्यामुळे त्यांना थांबवता यायचं नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या की लग्न आहे हे मला माहीत आहे, तू नाही म्हणालास तर मी रागावणार नाही, पुढच्या जहाजावर बघू. पण मला तासाभरात सांग, कारण मग मला जहाजावरच्याच कोणालातरी विचारावं लागेल.

शनिवारी हळद होती. आमच्या भागात लग्न एकवेळ चुकलं तरी चालतं, हळद चुकवलेली चालत नाही, गाव तोंडावर बोलतं. आणि रविवारी लग्न. लाह्या बहिणीच्या ओंजळीत भावाने घालायच्या, नवऱ्या मुलाचा कान भावाने पिळायचा आणि मान घ्यायचा. रंजिता लहानपणापासून सांगत आली होती की दादा, असा पिळ की त्याला जन्मभर माझा धाक राहिला पाहिजे.

दीपेशला हे सगळं आठवत होतं. पण कानात मॅडमचं शेवटचं वाक्य घुमत होतं. जहाजावरच्याच कोणालातरी. तास भरायच्या आत त्याने फोन केला आणि येतो म्हणाला.

आईने डोक्याला हात लावला, रडली, मग नोकरीच तशी आहे म्हणून स्वतःचीच समजूत घालत राहिली. पोराने स्वतःच आपली तारीख आखडून दिली होती हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि दीपेशने सांगितलंही नाही. रंजिता मेंदीचे हात पुढे धरून बसली होती.

"त्यांनी थांबूच दिलं न्हाय का रं दादा? एक दिवस पन न्हाय?"

"न्हाय," दीपेश म्हणाला. "सागर हाय ना कानपिळीला. चुलत झाला म्हणून काय झालं."

तिने मान हलवली. मेंदी वाळली नव्हती म्हणून तिला डोळे पुसता येईनात, ते आईने पदराने पुसले.

शनिवारी रात्री लाँच जहाजाला लागली. दीपेश शिडी चढून वर आला तर समोर प्रितेशच उभा. त्याचंही कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, त्याचा बदलीचा माणूस दीपेशबरोबरच आला होता. दीपेशने मनात ठरवलं होतं की याच्याशी कसं बोलायचं. हसून, जरा वरून, साहेबासारखं. पण प्रितेश त्याला पाहून नुसता बघतच राहिला.

"तू? अरे, उद्या रंजीचं लगीन हाय ना?"

दीपेश म्हणाला की कंपनीला घाई होती.

"कंपनीला? मी चीफसाहेबांच्या पाया पडून त्यांना एक महिना थांबायला राजी केलं होतं. कॅप्टन पन हो बोलले. मॅडमना मीच कळवलं, की दीपेशला लग्न करून सावकाश येऊ दे, त्याची जागा धरून ठेवतो. मग मॅडमचं उत्तर आलं की त्यालाच थांबायचं न्हाय." त्याला खरंच काही समजत नव्हतं. "काय झालं रं?"

दीपेश आत वळला. चीफसाहेब टाक्यांची माहिती द्यायला बोलवत होते, ते बरंच झालं. निघताना प्रितेशने बॅग खांद्याला लावली आणि म्हणाला, सकाळच्या विमानात जागा आहे, संध्याकाळच्या मुहूर्ताला पोचेन मी. अकलोलीला नंतर जातो, आधी खारबावला. मग लाँच त्याला घेऊन गेली. दीपेश कठड्याशी उभा होता आणि या क्षणीही, सगळं कळल्यावरही, त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की तो पोचणार.

रविवारी रात्री जहाज किनारा सोडून बाहेर आलं होतं. नव्या केबिनमध्ये, नव्या पट्ट्यांचा शर्ट हँगरला लावलेला, आणि फोनवर सागरने पाठवलेला व्हिडिओ. मांडव, टहाळे, त्यानेच बांधलेले. भटजी विचारतात, मुलीचा भाऊ कुठे आहे. सागर पुढे होतो, तर रंजिताच हात करून त्याला थांबवते आणि मागे कोणाला तरी बोलावते. विमानातलाच चुरगळलेला शर्ट घातलेला प्रितेश पुढे येतो. रंजिताच्या ओंजळीत लाह्या घालतो. मग नवऱ्या मुलाचा कान धरतो आणि असा पिळतो की तो बिचारा ओरडतो, बायका हसतात, रंजिता दोन दिवसांत पहिल्यांदा हसते. मान म्हणून नवरा मुलगा त्याच्या बोटात अंगठी घालू लागतो. प्रितेश बोट मागे घेतो, अंगठी मुठीत धरतो, आणि ती आईच्या हातात देतो. गोंगाटातही त्याचं बोलणं नीट ऐकू येतं.

"ही दीपेशची हाय, काकी. मी नुसता हात लावला. तो आला की त्याला घाला."

दीपेशने व्हिडिओ थांबवला. परत लावला. कान, लाह्या, अंगठी. ज्या बढतीसाठी हेवा केला ती बढती समोर हँगरला लटकत होती, आणि प्रितेशला ती कधी हवीच नव्हती. आता हेवा संपायला हवा होता. पण दीपेशच्या पोटातलं दुखणं जास्तच वाढलं, कारण आता त्याला प्रितेशच्या मनाचाच हेवा वाटत होता, आणि ते मिळावं म्हणून कुठल्या मॅडमना पत्र लिहायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहाटे चारला त्याची ड्युटी होती. त्याने तीन पट्ट्यांचा शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि वर ब्रिजवर गेला.