काठीनं थांबलेलं पाणी

भाद्रपदातल्या त्या सकाळी आमच्या तलावाच्या पाळीवर एवढी माणसं लोटली होती, की तालुक्याच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात एवढी दिसत नाहीत. पाळीच्या बाहेरच्या अंगानं दोन दिवस पाणी झिरपत होतं. आधी ते स्वच्छ होतं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आज ते गढूळ येत होतं, म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून चालली होती. खाली टोलीतली, गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतली, बावीस घरं होती. पण लोकांच्या हातात नारळ होते, उदबत्त्या होत्या. फावडं एकाच्याही हातात नव्हतं.

मधोमध दुर्गाप्रसाद लाल कापडात गुंडाळलेली काठी घेऊन उभा होता.

"एकोणऐंशीच्या पुरात माझ्या काकांनी, केशोरावांनी, हीच काठी तीनदा आपटली! फुटलेली पाळ जागच्या जागी सांधली! इंजिनेर लोगों की अक्कल गुम हो गई! आज मी आपटतो. पण ध्यानात ठेवा, कोणाच्या मनात शंका असंल, तर पाणी थांबणार नाही."

पाणी थांबलं तर काठीचा प्रताप, नाही थांबलं तर तुमच्या शंकेचं पाप. असा धंदा कधी बुडत नाही. हसायला हवं होतं, पण मी हसलो नाही. कारण माझ्या मनात शंका नव्हतीच, खात्री होती, आणि तरी मी गप्प उभा होतो.

मी या गावचा मास्तर. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, मी सातवीच्या पोरांना 'आपल्या गावचा वीर' असा प्रकल्प दिला होता. टोलीतल्या संघदीपच्या वाट्याला केशोराव आले. मीच त्याला प्रश्न लिहून दिले आणि शाळेचा टेपरेकॉर्डर दिला. पहिलाच प्रश्न होता, 'केशोरावांनी काठी आपटल्यावर पाणी कसे थांबले?' चार म्हाताऱ्यांनी एकसारखी उत्तरं दिली. पोरगं खूश, मीही खूश.

मग तो टोलीतल्या लीलाबाईंकडे गेला. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "कोणती काठी, बापा?"

दुसरं पोरगं असतं तर म्हातारी विसरली म्हणून पुढं गेलं असतं. संघदीप माझ्याकडे आला. "गुरुजी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. काठी मीच त्यांच्या तोंडात घालून राहिलो."

त्यानं सगळ्यांना पुन्हा गाठलं, या वेळी प्रत्येकाला एकट्याला. एवढंच विचारलं, 'पाळ फुटली त्या दिवसाचं सांगा.' मध्ये बोलला नाही, कुणाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. सांगून झालं की मग विचारायचा, तुम्ही कुठं होता, काय महिना होता, हे स्वतः पाहिलं की ऐकलं? वहीत त्यानं 'पाहिलं' आणि 'ऐकलं' असे दोन रकाने पाडले होते. ज्या गोष्टी जुळत नव्हत्या, त्या खोडल्या नाहीत, समोरासमोर लिहिल्या. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

शेवटी तो ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची जुनी नोंदवही पाहून आला. पाळीवर गर्दी जमली त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन त्यानं विचारलं, "गुरुजी, मंडईच्या जत्रेत केशोरावांचं नाटक झालं होतं काय? कोणी लिहिलं होतं?"

"आठवत नाही," मी म्हणालो. तेरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोललो. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

आता तोच संघदीप गर्दीतून वाट काढत पुढं आला. दुर्गाप्रसादनं काठी उचलली तेवढ्यात पोरानं टेप लावला. त्या चार म्हाताऱ्यांपैकी शकुंतलाबाईंचा आवाज आला, "केशोरावच्या अंगावर निळा उजेड पडला, शंख वाजला, काठी आपटली न् पाणी थांबलं. मी सोता पाह्यलं."

लोकांनी हात जोडले.

"आजी, तुम्ही कुठं होता?" टेपवर संघदीपचा प्रश्न.

"एकदम समोर. सतरंजीवर बसली होती, लहान पोरीले मांडीवर घेऊन."

कुणीतरी फिसकन हसलं. पाळ फुटली आणि सतरंजी? पुढं त्यांच्यातल्याच छोटेलालचा आवाज लागला. थंडी होती, घोंगडी पांघरली होती, धान कापून झालं होतं, काठी आपटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं हसू थांबलं. पाळ फुटली तेव्हा धान अजून शेताच्या बांधीत उभं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धान कापल्यावर थंडीत येते ती मंडई. आणि मंडईत होतं ते नाटक.

"पोरगं बाटवून राहिलं गावाले!" दुर्गाप्रसाद ओरडला. "शंका! शंका आली!"

संघदीपनं वही उघडली. "नोंदवहीत आहे. ताराचंद, टोली, पाण्यात बुडून. अठ्ठावीस ऑगस्ट एकोणऐंशी. शकुंतलाआजी म्हणतात, ताराचंद दुसऱ्या पुरात वाहून गेला. पण पाळ फुटली तोही हाच दिवस, पंचायतीत लिहून आहे."

मग लीलाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "केशोराव भला माणूस होता. त्यानं हाका मारून गाव उठवलं, आपले धानाच्या तणसीचे ढीग देऊन टाकले. पण पाण्यात आमचे लोक उतरले. खुंट ठोकले, फांद्या टाकल्या, तणीस दाबली, वरून मातीची पोती. माझा नवरा खुंट धरून उभा होता. पाळ बंद झाली न् तो गेला."

त्या माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही होते ना तिथं?"

गाव माझ्याकडे बघत होतं.

"होतो," मी म्हणालो. "ते नाटक मी लिहिलं. पहिल्या कागदावर ताराचंद होता. मंडईवाले म्हणाले, टोलीचा माणूस हिरो असला तर गाव नाटकाला बसणार नाही. मी त्याला खोडला. मग पाणी थांबवायला कोणी उरला नाही, म्हणून केशोरावांच्या हाती काठी दिली. निळा उजेड कंदिलावर कागद लावून मीच पाडला."

पाळ फुटल्यावर पाच वर्षांनी नाटक, मग दर मंडईला त्याचीच चर्चा, मग काठीची पूजा. जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते, आणि जे सतरंजीवर बसून पाहिलं ते, गावाच्या डोक्यात एक झालं. म्हातारी माणसं खोटं बोलत नव्हती. खोटा मी होतो.

लीलाबाईंनी माझं पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी कोंड्याचं पोतं मागवलं आणि पाळीच्या आतल्या बाजूला पाण्यावर मूठमूठ टाकायला लावलं. एका जागी कोंडा गरगरून खाली ओढला गेला. "भोक इथं आहे. आतून बुजवा. बाहेरून नुसतं तोंड कोंडू नका, पाणी दुसरीकडून फोडंल. बाहेर रेती, वर गिट्टी टाका. पाणी जाऊ द्या, माती अडवा."

नारळ खाली ठेवले गेले. शकुंतलाबाईंनीही टोपली धरली. दुपारपर्यंत पाझर स्वच्छ झाला. टोली वाचली.

संध्याकाळी मी लीलाबाईंच्या दारात गेलो. "माफ करा," म्हणालो.

"मले सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "खोटं मंडईत सांगितलं, खरंही तिथंच सांगा."

त्या वर्षी मंडईत मी पडद्यापुढं उभा राहून सगळं सांगितलं. काही लोक उठून गेले, काहींनी शिट्ट्या मारल्या. मी बोलत राहिलो. वाचकहो, चमत्कार सांगणाऱ्याशी भांडू नका. त्याला शांतपणे विचारा, कुठं होतात, केव्हा, स्वतः पाहिलं का. आणि त्या चमत्कारामागं कुणाचे हात झाकले गेले, तेही शोधा. ते हात कुणाचे, हे मला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ठाऊक होतं, आणि तेवढी वर्षं लीलाबाई रोज त्या पाळीवरून पाणी आणत होत्या.