आडनावावरून गेलेल्या शुभेच्छा

पंपांची रबरी सील बनवणाऱ्या त्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचं काम एकोणीस वर्षं बाईंकडे होतं. गिऱ्हाइकं एकेचाळीस, देश अकरा, आणि धर्म किती ते देवालाच ठाऊक. बाईंना तरी ठाऊक नव्हते, आणि हीच त्यांची हुशारी. गिऱ्हाइकानं स्वतःहून सांगितलं, तरच त्याच्या सणाची तारीख त्यांच्या वहीत जायची. नावावरून अंदाज बांधायचा नाही. शुभेच्छा द्यायच्या त्या 'तुम्हाला आणि तुमच्या माणसांना'. त्यांच्या देवाचं नाव उगाच आपल्या तोंडी घ्यायचं नाही. आणि शेवटी एक ओळ: तुमची सुट्टी संपेपर्यंत आमच्याकडून कामाची एकही विचारणा येणार नाही. आता सांगा, याहून गोड शुभेच्छा कुठली? सुट्टीत कामाचा फोन न येणं, हे सुख सगळ्या धर्मांत सारखंच.

वहीत एकाच्या नावापुढे मात्र उलटं लिहिलं होतं. त्याचं गोदाम बंदरावर, म्हणून ऑफिसात त्याला बंदरवाला म्हणत. सहा वर्षांपूर्वी बाईंनी, त्यानंच पूर्वी सांगितलेल्या सणाच्या शुभेच्छा पाठवल्या, तेव्हा त्यानं कळवलं, 'हा सण आता माझा राहिला नाही. घरचेही राहिले नाहीत.' का, ते बाईंनी विचारलं नाही. वहीत लिहिलं: सणाचं नको, त्या दिवशी कामाचं लिहावं.

तेव्हापासून दर वर्षी, त्याच्या शहरातली सगळी दुकानं बंद असत त्या दिवशी, बाई त्याला सीलच्या मापांबद्दल काहीतरी विचारायच्या. पाच मिनिटांत उत्तर यायचं. मापं झाली की हवापाणी, हवापाणी झालं की गुडघेदुखी. दिवस निघून जायचा, दोघांचाही. खरं तर त्या दिवसाची वाट त्याच्यापेक्षा बाईच जास्त बघायच्या. भावाशी बोलणं वहिनीपायी तुटलं होतं. भाचीला आत्या आठवायची ती कुठल्याशा अर्जावर सही हवी असली की. घरी आवाज करणारा एक कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांत गप्प.

यंदा धाकट्या साहेबांनी आडनाव बघून शुभेच्छा पाठवणारा प्रोग्राम आणला.

"बाई, वही किती दिवस उराशी धरून बसणार? एक बटण दाबलं की झालं."

"साहेब, बंदरवाल्याला तेवढं वगळा."

"एकासाठी कुठे सगळं बदलत बसू? आणि शुभेच्छांनी कधी कुणाचं वाईट झालंय का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाई गप्प बसल्या. तिथंच चुकलं, भांडायला हवं होतं.

तर बंदरवाल्याला त्यानं सोडलेल्या देवाच्या चित्रासकट शुभेच्छा गेल्या. 'आपल्या श्रद्धेचा आणि कुटुंबाच्या भेटीचा हा मंगल दिवस', आणि खाली नाव बाईंचं. उत्तर एका ओळीत आलं. 'यापुढे मला पत्र पाठवू नका.'

धाकट्या साहेबांचं धाबं दणाणलं. "बाई, ऑर्डर जाईल हातची. छानशी माफी लिहा. आम्हाला सर्व धर्मांचा आदर आहे, असं काहीतरी."

"आदराचं नावसुद्धा नको. जे झालं तेवढंच लिहीन."

"मग प्रोग्रामची चूक म्हणा."

"खाली सही प्रोग्रामची आहे का?"

साहेबांना ऑर्डरची पडली होती, बाईंना माणसाची. ऑर्डर काय, दुसरी मिळते. साठीला टेकलेल्या बाईला बोलायला दुसरं माणूस कुठून मिळणार?

चार वाक्यांना तास लागला. 'आम्ही तुमच्या आडनावावरून अंदाज केला. तुम्ही मला सांगितलं होतं, तरी मी पत्र अडवलं नाही. माफ करा. सणाचं पत्र पुन्हा येणार नाही.'

एक दिवस गेला, दोन गेले. बाई दर दहा मिनिटांनी कॉम्प्युटरकडे बघत होत्या आणि स्वतःवरच चिडत होत्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं.

'खाली तुमचं नाव बघितलं आणि वाटलं, तुम्हीही विसरलात. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. पण सहा वर्षांत मी तुम्हाला एकदाही शुभेच्छा दिल्या नाहीत, हेही याच निमित्तानं ध्यानात आलं. तुमचा सण कोणता, मला माहीत नाही, आणि नावावरून मी ठरवणार नाही. तुम्हाला कोणत्या दिवशी लिहू?'

बाईंनी ते दोनदा वाचलं. वहीतल्या सगळ्यांच्या तारखा तोंडपाठ, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सण त्यांनाही होते की. पण दार वाजवायला कुणी येणार असेल तर तो सण, नाहीतर नुसती सुट्टी. डोळे भरून आले. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग त्यांनी लिहिलं, 'सणाचं राहू द्या. रविवारी लिहा. कोणताही चालेल. रविवार संपता संपत नाही.'