स्ट्रेचरची मागची बाजू

धुळ्याच्या सेवा क्लबात रुपचंद शिरला तो सेवेसाठी नव्हे, हे त्याच्या देवालाही ठाऊक होतं. कॉलेजातून आर्किटेक्ट होऊन त्याने आग्रा रोडला ऑफिस टाकलं होतं. टेबलावरची धूळ मात्र अजून गिऱ्हाइकाने पुसली नव्हती. आणि क्लबातले डॉ. राजपूत देवपूर भागात नवं डोळ्यांचं हॉस्पिटल बांधणार होते. त्याच्या नकाशाचं काम आपल्याला मिळालं तर संसार तरला, नाहीतर भुसावळला सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत बसायचं, असं बायकोशी, वच्छलाशी, ठरलं होतं.

क्लबात एका धंद्याचा एकच माणूस घेत. आर्किटेक्टची जागा मोकळी होती आणि रतिलालभाई वकिलांनी त्याचं नाव सुचवलं. रुपचंदला वाटलं, मोकळी जागा म्हणजे मोकळं कुरण. पहिल्याच सभेत ओळख करून द्यायला उभा राहिला तो थेट पाया, प्लिंथ म्हणजे जोतं आणि हवेशीर वॉर्डावर घसरला. खिशातून कार्डंही निघाली. सभेत स्वतःच्या धंद्याची टिमकी वाजवली की दंड, हा तिथला रिवाज. दंडाचा डबा लगेच त्याच्यासमोर आला आणि सगळे पोट धरधरून हसले. परतताना रतिलालभाईंनी त्याला समजावलं.

“भाई, कीर्तनाला जातोस ना? तिथे बुवांकडे बघतोस की प्रसादाच्या परातीकडे?”

 खरं सांगायचं तर रुपचंद दोन्हीकडे बघायचा, आणि तिसरा डोळा चपलांवर असायचा.

दिवाळीच्या सुट्टीत क्लबाने पिंपळनेरला, शाळेत, मोतीबिंदूचं शिबिर लावलं. कामं वाटताना कुणी जेवणाची पंगत घेतली, कुणी नावनोंदणी. रुपचंदने हात वर करून स्ट्रेचर मागितलं. सगळ्यांनी वाहवा केली. त्याचा हिशेब वेगळाच होता: पेशंट न्यायचा-आणायचा म्हणजे डॉक्टरसाहेबांचं दर्शन फिरफिरून घडणार.

दर्शन घडलं, बोलणं घडेना. पहिल्या खेपेला त्याने ‘साहेब, आपल्या हॉस्पिटलचा’ एवढं म्हटलं, तोवर मास्कमागून आवाज आला, “पुढचा.” दुसऱ्या खेपेला ‘आपल्या’पर्यंतच पोचला. मग त्याने वाक्य लहान करायला घेतलं. ते इतकं लहान झालं की शेवटी नुसतं “साहेब” उरलं, आणि ते ऐकून परिचारिकेने त्याला पाणी दिलं.

ऑपरेशन झालेल्याचं डोकं जराही हलू द्यायचं नसतं, आणि डोक्याकडची, म्हणजे स्ट्रेचरची मागची, बाजू रुपचंदच्या हातात होती. वर्गखोलीच्या उंबऱ्याला आणि ओट्याच्या पायऱ्यांना मात्र स्ट्रेचर हटकून हिसका खायचं. मोगराबाई नावाची डोंगराकडची म्हातारी, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, पायरीवर कण्हली. तसा रुपचंद थबकला. त्याने शाळेच्या शिपायाला सांगून फळ्या मागवल्या, पायऱ्यांवर वाळू ओतून उतार केला, वर फळ्या ठोकल्या, उंबऱ्यालाही तसंच केलं. ऑफिस काढल्यापासून त्याने बांधलेलं हे पहिलं बांधकाम. त्यावर कार्ड लावायचं मात्र त्याला सुचलं नाही.

दुपारी चहाला रतिलालभाईंनी सहज सांगितलं, की डॉक्टरांनी नकाशा नाशिकच्या मेव्हण्याकडे दिलाय, दसऱ्यालाच.

रुपचंदने कप खाली ठेवला. म्हणजे आपण सकाळपासून कुणाचं ओझं वाहतोय? त्याने कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि कंबर भरून आलीय, असं जाहीर केलं. तीनची एस्टी धुळ्याला जात होती. पिशवी घेऊन तो वर्गाच्या दाराशी आला. आत पट्ट्या तपासून परत आणलेल्या मोगराबाईला स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं होतं. दुसऱ्या माणसाने डोक्याखाली हात घातला, तशी ती अंग चोरून म्हणाली,

“तू नको. तो मघासला कोठे शे? त्याना हात हालत नही.”

पट्ट्यांआडून तिला तो दिसत नव्हता. तिने कार्ड वाचलं नव्हतं, डिग्री विचारली नव्हती. रुपचंदने पिशवी खाली ठेवली. कमरेचं दुखणं एवढ्या झटपट बरं झालेलं पाहून रतिलालभाईंनी मिशीत हसून दुसरीकडे बघितलं. एस्टीचा हॉर्न वाजला तेव्हा तो तिचं डोकं अलगद उशीवर टेकवत होता. मग पुढचा पेशंट, आणि त्यापुढचा. डॉक्टरांकडे जाताना आता म्हणायला काहीच नव्हतं, त्यामुळे फेऱ्या भराभर झाल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी मास्क उतरवला, उतारावरून चालून पाहिलं आणि विचारलं की हे कुणी केलं. इतर क्लबवाले रुपचंदकडे बघू लागले. संधी चालून आली होती, बरोबर प्लिंथच्या उंचीवर. रुपचंदने तोंड उघडलं.

“साहेब, पुढच्या साक्रीच्या शिबिराला वाळू आदल्या दिवशीच टाकून ठेवू. सकाळच्या पेशंटांना फार हिसके बसले.”

घरी वच्छला दारातच उभी होती. काम मिळालं का, तिने विचारलं.

“मिळालं,” रुपचंद म्हणाला. “साक्रीच्या शिबिरात स्ट्रेचर. मागची बाजू.”

तिने कमरेवर ठेवलेला त्याचा हात पाहिला. मग भुसावळच्या वखारीचं नाव न काढता तिने कमरेला लावायला तेल गरम करायला घेतलं. कारण कंबर आता खरोखरच भरून आली होती.