पाटीवरचा पुसलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात उकलली आहे आणि अंगावर एक तिरकी चीर आहे. मला डोंगराच्या पोटातून काढले, पातळ चिरले, घासून गुळगुळीत केले. तेव्हा फार दुखले. पण पहिल्यांदा माझ्यावर कोणी अक्षर काढले, तेव्हा वाटले, दुखणे वाया गेले नाही.

मी ज्या घरात आले तिथली मुलगी माझ्यावर बाराखडी शिकली. ती मोठी झाली, शाळेत शिकवू लागली, तिने लग्न केले नाही, आणि देवाची पदे लिहू लागली. तरी तिने मला सोडले नाही. ती म्हणायची, "कागदावर लिहिलं की ओळीवर माया जडते. पाटीवर चूक पुसायला हात कचरत नाही." दर आठवड्याला प्रार्थनामंडळात तिची पदे म्हटली जात. पेटीवाले काका चाली लावत. लोक तिला ताई म्हणत, वाहवा करत, आणि मला वाटे, त्यातली थोडी माझीही आहे.

तिचा एक नेम होता. सकाळी जपाला बसण्यापूर्वी ती मला ओल्या फडक्याने पुसायची, तेही डोळे मिटून. काल सुचलेल्या ओळीचा गर्व आज देवापुढे नको, म्हणून. जी ओळ पुसल्यावरही मनात राहील तीच खरी, असे ती मानायची.

मग तिची वहिनी वारली. भाऊ आपल्या लेकीला घेऊन तिच्याकडे राहायला आला. लेकीला सगळे ठमी म्हणत. ठमी जेवायची, शाळेत जायची, पण आईविषयी चकार शब्द काढायची नाही. भावाने बरोबर आणलेले वहिनीचे सगळे सामान कपाटात बंद केले होते. फक्त तिचा चष्मा खिडकीत राहिला होता. त्याला कोणी हात लावत नव्हते.

त्याच सुमारास काका म्हणाले, "ताई, मोठ्यांची पदं पुष्कळ झाली. एक लहान मुलाच्या तोंडचं होऊन जाऊ द्या. देवाला प्रश्न विचारणारं."

ताईने माझ्यावर लिहिले: 'करुणासागरा, सांग मजला, फुलांत हससी कशासाठी?'

ठमीने वाचले. "आत्या, हे कोण विचारतंय?"

"तुझ्याएवढी मुलगी."

"खोटारडी आहे ती."

ताईला हसू आले, पण बोल लागला. खरेच, करुणासागर हा शब्द कोणते मूल बोलते? तिने ओळ पुसली आणि म्हणाली, "मग तूच लिही बाई. तुला देवाला काय विचारायचंय ते."

संध्याकाळी ठमीने मला मांडीवर घेतले. पेन्सिल इतकी दाबून धरली की करकर आवाज झाला. तिने एकच प्रश्न लिहिला आणि मला देवापुढे उभे करून ठेवले. आत्याला मुद्दाम काही सांगितले नाही. सकाळी दिसेलच, असे तिला वाटले असावे.

सकाळी ताई आली. नेमाप्रमाणे माझ्याकडे न बघताच डोळे मिटले, ओले फडके घेतले आणि मला पुसले.

मित्रांनो, मी दगड. ओरडणार कशी? ठमी दारात उभी होती. ती रडली नाही. वळली आणि दप्तर भरू लागली.

ताईने डोळे उघडले तेव्हा फडक्यावर पांढरा ओघळ होता. रात्री तर तिने काहीच लिहिले नव्हते! तिच्या लक्षात आले आणि ती ठमीकडे वळली.

"ठमे, काय लिहिलं होतंस ग?"

"काही नाही."

"सांग ना, माझी शहाणी."

"पुसलंस ना? मग झालं."

त्यानंतर ठमी माझ्याकडे फिरकली नाही. ताईने जप केला, उपास केला, तिच्या आवडीचे करून वाढले. पोरगी ढिम्म. शेवटी एके दुपारी ताईने पेन्सिल घेतली आणि यमक-बिमक न बघता लिहिले: 'देवा, मी न वाचताच पुसलं. आता मी काय करू?' मला तिथेच ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली.

ठमी आली. तिने ते वाचले. मग खाली लिहिले: 'आईचा चष्मा इथेच राहिला. तिला तिथे दिसतं का?'

ताईने ते वाचले. पदर तोंडाला लावून रडली, आणि मग दोघी कामाला लागल्या.

ताई बोटांवर मात्रा मोजायची, आठ आणि आठ. जोडाक्षरे शक्य तितकी काढायची, कारण लहान गळा त्यांवर अडखळतो. ओळ मोठ्याने म्हणून बघायची. जिथे ठमीचा श्वास तुटे तिथला शब्द पुसायची. "हे तू म्हणशील का?" असे प्रत्येक शब्दाला विचारायची. 'जननी' गेली. 'नयन' गेले. उरले ते असे:

देवा, तुला मी विचारू का?
रागवणार तू नाहीस ना?
चष्मा तिचा घरीच राहिला,
तिथे तिला मग दिसतं का?

"शेवटी दोन मात्रा कमी पडतात," ताई म्हणाली. "पण 'का' लांबव. प्रश्नाला थांबायला जागा हवी."

काकांनी चाल खालच्या, मोजक्या सुरांत बांधली. पण शेवट त्यांना पटेना. "ताई, देवानं एक तरी ओळ बोलायला हवी. लोकांनी काय रिकाम्या हातानं घरी जायचं?"

ताईलाही ते वाटत होतेच. तिने लिहिले: 'बाळा, आई तुझ्याचपाशी.' ओळ गोड होती. ठमीने विचारले, "हे देवानं तुला सांगितलं?"

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "नाही ग."

"मग पूस."

ताईने ती ओळ दोनदा वाचली आणि पुसली. तिथे ठमीच्याच सांगण्यावरून आले: 'तुलाही आई होती का? तूही तिला शोधतोस का?' आणि पद तिथेच संपले.

मंडळात ठमीने ते म्हटले तेव्हा मी ताईच्या मांडीवर होते. ठमीचे बाबा मागे दाराशी बसले होते. शेवटचा 'का' लांबला आणि थांबला. एरवी सगळे ध्रुवपद उचलतात. त्या दिवशी कोणी उचलले नाही. बाबा उठून बाहेर गेले.

"बाबा रागावले?" ठमीने विचारले.

"नाही ग. त्यांनाही तेच विचारायचं होतं."

घरी आलो तर ते खिडकीशी उभे होते. सदऱ्याच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुसत होते, पुन्हा पुन्हा. ठमी जवळ गेली. त्यांनी तिला कडेवर घेतले. ती त्या वयाची राहिली नव्हती, तरी घेतले. दोघेही रडले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

निजताना ठमी म्हणाली, "आत्या, देव काहीच बोलला नाही."

"माझ्याशीही नाही बोलत."

"मग तू रोज कशाला बसतेस?"

"त्याला ऐकू येत असेल, म्हणून."

पुढे बापलेक दुसऱ्या गावी गेले. ताईचे डोळे अधू झाले, पदे थांबली. मी आता फळीवर डब्यांमागे आहे. माझ्यावर धूळ बसते. त्याचे मला दुःख नाही. पाटीचे आयुष्य एवढेच असते.

पण मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणी लहानगे असेल, ते पाटीवर, भिंतीवर, धुक्याने ओल्या झालेल्या काचेवर काही लिहील. घर नीट ठेवायचे म्हणून तुम्ही फडके घ्याल. जरूर पुसा. पण त्याआधी एकदा वाचा.