वाब्रुआरीतले बारा तास

शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमातली जागा हवी की नको, हे मला आज कळवायचं होतं. नोकरी अन् माझा लहानगा ओट्टो सांभाळून अभ्यासाला आठवड्याला दहा तास काढावे लागणार. जेवणाच्या सुट्टीत मी सोबत काम करणाऱ्या इल्वाला हिशेब दाखवला. "एकशे अडुसष्ट तास. नोकरी अन् येणंजाणं अठ्ठेचाळीस, झोप एकोणपन्नास, ओट्टो अन् घरकाम एकोणसाठ. उरले बारा!"

इल्वाने तीन पोरं एकटीने वाढवलेली. तिने बटाट्याचा घास गिळला. "हा कुठला आठवडा गं?"

"नेहमीचा."

"असा आठवडा शेवटचा कधी मिळाला तुला, बाई?"

मला राग आला. मग आठवायला लागले. गेल्या आठवड्यात ओट्टोची कानदुखी, त्याआधी उलट्या, त्याआधी माझाच ताप. आजारी पोरांसाठी काढायच्या रजेला आम्ही स्वीडनमध्ये 'वाब' म्हणतो, अन् अशा रजा सगळ्यात जास्त फेब्रुवारीत पडतात म्हणून त्याला गमतीने वाब्रुआरी. माझ्या हिशेबात तो महिनाच नव्हता.

"आधी घडलेले आठवडे मोज," ती म्हणाली, "मग हो म्हण."

तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघराचा नंबर. पलीकडची बाई नाव सांगायच्या आत मी म्हणाले, "निघालेच."